सप्ताह उठतो, चाल उठत नाही

मार्गशीर्षात बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही रस्त्यानं गेलं तरी एखाद्या गावात दत्तजयंतीचा सप्ताह बसलेला दिसतो. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथाभजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि मग जागर. मधल्या प्रत्येक घटकेला पहारा लागलेला असतो आणि कुणीतरी वीणा घेऊन उभा असतो. शेवटी काल्याचं कीर्तन होतं, महाप्रसादाच्या पंगती उठतात, मंडपवाला भोंगे उतरवून टेम्पोत टाकतो. त्यानंतर दोन-तीन दिवस गावात हरिपाठाचं ध्रुपद ऐकू येत राहतं. पिठाच्या गिरणीवर, पाणंदीत, एसटीच्या थांब्यावर माणसं ते गुणगुणत असतात. विचारलं तर म्हणतात, "तोंडातच बसलंय, निघंना."

हे फक्त भजनाचं होत नाही. लग्नातल्या डीजेवर वाजलेलं गाणं, प्रचाराच्या जीपवरचं गाणं, सकाळी गल्लीत येणाऱ्या घंटागाडीची धून, सगळी याच रीतीनं डोक्यात बसतात. मानसशास्त्रज्ञ गेली वीसेक वर्षं या प्रकाराच्या मागे आहेत. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा आहे: दोष चालीचा, कानाचा की मनाचा? आजवरचं काम एकत्र वाचल्यावर माझं मत असं झालं आहे की चालीला आपण गरजेपेक्षा जास्त बोल लावतो. ती चाल शेवटची कधी आणि किती वेळा ऐकली, आणि आत्ता डोकं कशात गुंतलेलं आहे, या दोन गोष्टींनी बराचसा निकाल लागून जातो.

आधी हे किती जणांना होतं ते पाहू. फिनलंडमधले संशोधक लस्सी लिक्कानेन यांनी इंटरनेटवरून १२ हजारांहून जास्त लोकांना विचारलं. २०१२ साली छापून आलेल्या त्या पाहणीत सुमारे ९० टक्के लोकांनी सांगितलं की आठवड्यातून निदान एकदा तरी गाणं डोक्यात बसतं. ज्यांचा गाण्या-वाजवण्याशी रोजचा संबंध आहे त्यांना ते जास्त होतं. इंटरनेटवरच्या पाहणीला या विषयाची आवड असलेलेच लोक जास्त उत्तर देतात, तेव्हा आकडा थोडा फुगलेला असेल. तरी हा आजार नव्हे, चालत्या डोक्याचा नेहमीचा व्यवहार आहे, एवढं त्यातून कळतं. टाळकरी, पखवाजी आणि विणेकरी यांची तक्रार गावातल्या इतरांपेक्षा मोठी का असते, याचाही थोडा उलगडा होतो.

सुरुवात कशानं होते, हे लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजात विक्टोरिया विल्यमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. त्यांनी प्रयोगशाळेत कुणाला बसवलं नाही. बीबीसीच्या एका संगीत वाहिनीच्या श्रोत्यांकडून आणि एका प्रश्नावलीतून शेकडो अनुभव गोळा केले: गाणं कोणतं, तेव्हा तुम्ही काय करत होता, ते कशामुळे आलं असं वाटतं. २०१२ साली आलेल्या त्या लेखात दोन कारणं सगळ्यात वर होती. एक, ते गाणं नुकतंच ऐकलेलं होतं. दोन, ते पुन्हा पुन्हा ऐकलेलं होतं. त्याखालोखाल आठवणीचे धागे येतात. एखादा शब्द, एखादं माणूस, एखादी जागा दिसली की तिला बांधलेली चाल उठते. मग मनाची अवस्था येते, म्हणजे कंटाळा, तंद्री किंवा हातात काही नसणं.

पहिली दोन कारणं सप्ताहाला लावून पाहा. ज्ञानेश्वरांच्या हरिपाठाचे अभंग रूढ मोजणीनं २७, फलश्रुतीचा धरला तर २८. म्हणताना मधे चाल बदलते, लय वाढते, पण ध्रुपद फिरून फिरून तिथेच येतं. प्रत्येक अभंगाला ते फक्त एकदाच आलं असं अगदी हात आखडून धरलं, तरी सात संध्याकाळी मिळून ते १८९ वेळा होतं. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट होतं, कारण टाळकऱ्यांच्या दोन रांगा ते एकमेकींकडून उचलतात. त्यात भोंगा देवळावर असतो, त्यामुळे जो हरिपाठाला गेला नाही त्याच्याही कानावर हे पडतंच. रेडिओवर गाजलेलं गाणं आठवड्यात १८९ वेळा ऐकणारा माणूस सापडणं अवघड आहे. इथे सगळ्या गावाची ती मात्रा होते, आणि तीही गोळा होऊन ठरलेल्या वेळी.

आता चालीकडे वळू. 'सैराट' २०१६च्या एप्रिलमध्ये आला आणि त्या उन्हाळ्यात मराठवाड्यात 'झिंगाट'शिवाय वरात निघाली असेल असं वाटत नाही. ते गाणं चिकट होतं म्हणून वाजलं, की वाजलं म्हणून चिकटलं? नुसती चिकट गाण्यांची यादी करून हे सुटत नाही, कारण यादीत गाजलेलीच गाणी येणार. डरहॅम विद्यापीठाच्या केली जाकुबोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक चांगली युक्ती काढली. त्यांनी तीन हजार लोकांना तुमच्या डोक्यात कोणती गाणी बसतात ते विचारलं. सगळ्यात जास्त वेळा सांगितली गेलेली १०० गाणी एका बाजूला घेतली. दुसऱ्या बाजूला अशी १०० गाणी ठेवली जी लोकप्रियतेच्या यादीत तितकीच वर आणि तितक्याच अलीकडे होती, पण जी कुणाच्याच डोक्यात बसत नव्हती. म्हणजे वाजण्याचा हिशोब दोन्हीकडे सारखा केला आणि मग फक्त सुरावटी ताडून पाहिल्या.

या अभ्यासात तीन फरक सापडले. चिकट गाण्यांची लय जरा जलद होती. त्यांच्या चालीचा ढोबळ आकार ओळखीचा होता. म्हणजे सूर एका ओळीत वर चढतो आणि पुढच्या ओळीत खाली उतरतो, असा बालगीतांतून आणि लोकगीतांतून सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला आकार. आणि या ओळखीच्या आकारात कुठेतरी एक अनपेक्षित जागा होती: एकदम मोठी उडी, किंवा एकाच सुरावर नेहमीपेक्षा जास्त वेळ ठोकत राहणं. ओळखीच्या आकारामुळे चाल पहिल्या-दुसऱ्या ऐकण्यातच उचलता येते. त्या एका जागेमुळे ती इतर चालींत मिसळून जात नाही. नुसतीच सोपी चाल विसरली जाते आणि नुसतीच अवघड चाल उचललीच जात नाही.

इथे एक इशारा द्यायला हवा. ही सगळी तुलना इंग्रजी पॉप गाण्यांची आहे, आणि चालीच्या गुणांवरून गाणं चिकटेल की नाही हे ओळखण्याची ताकद मर्यादितच निघाली. याच अभ्यासात असंही दिसलं की गाणं जितकं लोकप्रिय आणि जितकं अलीकडचं, तितकं ते जास्त लोकांनी सांगितलं. तेव्हा संगीतकारानं या तीन गुणांची पुडी बांधली की गाणं चिकटलंच, असं कुणी सांगत असेल तर तो माल विकतो आहे.

चाल आत शिरल्यावर डोक्यात नेमकं काय वाजतं, हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात डेव्हिड क्रेमर आणि सहकाऱ्यांनी मेंदूचं स्कॅन चालू असताना लोकांना गाणी ऐकवली आणि त्या गाण्यांत मधेच काही सेकंदांची शांतता घातली. गाणं अनोळखी असेल तर शांततेत ऐकण्याशी संबंधित भाग मंदावत. गाणं ओळखीचं असेल तर तोच भाग शांततेतही काम करत राही, आणि ऐकणाऱ्यांनी सांगितलं की गाणं आत चालूच होतं. हा अभ्यास २००५ साली 'नेचर'मध्ये आला. म्हणजे आठवलेली चाल ही चालीबद्दलची नुसती माहिती नसते. ऐकण्याची यंत्रणाच ती परत चालवते.

ती किती हुबेहूब चालते याचीही मोजणी झाली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ इथल्या संशोधकांनी लोकांना दिवसातून अधूनमधून मोबाइलवर संदेश पाठवला: आत्ता डोक्यात गाणं असेल तर ते लगेच गाऊन मुद्रित करा. मग तो आवाज मूळ ध्वनिमुद्रणाशी ताडला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात सुमारे ४५ टक्के गाणी मूळ पट्टीतच सापडली आणि ६९ टक्क्यांच्या आसपास गाणी एका अर्ध्या सुराच्या आत. यातली बहुतेक माणसं गवई नव्हती. लयीचं हे आधीच माहीत होतं. ओळखीचं गाणं लोक आठवणीतून जवळपास मूळ वेगानंच म्हणतात. घरी करून पाहण्यासारखा हा प्रयोग आहे. डोक्यातलं गाणं बोटानं मांडीवर ठोका, ठोके घड्याळावर मोजा, मग मोबाइलवर मूळ गाणं लावून तेवढाच वेळ ठोके मोजा. फरक थोडा निघाला तर ती चाल खरोखर ऐकण्याच्या आठवणीतून येते आहे. वेग बराच वेगळा निघाला, तर बहुधा चालण्याच्या किंवा हातातल्या कामाच्या तालानं तिला ओढलं आहे.

मग ती थांबत का नाही? डोक्यात सहसा अख्खं गाणं वाजत नाही. अर्ध्या मिनिटाच्या आतला एक तुकडा वाजतो, आणि बहुतेक वेळा ध्रुपद. चालीची आठवण साखळीसारखी असते. प्रत्येक सूर पुढच्याला ओढून आणतो. म्हणून गाण्याची मधलीच ओळ पटकन सांगता येत नाही, सुरुवातीपासून म्हणत यावं लागतं. आता ध्रुपदाची गोम अशी की गाण्यात त्याच्या शेवटानंतर पुन्हा त्याचीच सुरुवात येताना आपण अनेकदा ऐकलेली असते. साखळीची शेवटची कडी पहिल्या कडीत अडकवलेली असते. अंतरा पाठ असेल तर साखळीला बाहेर जायला वाट मिळते. पाठ नसेल तर ती फिरून तिथेच येते.

यावरून एक लोकप्रिय तर्क निघाला: अर्धवट राहिलेलं काम जसं मनात टोचत राहतं, तसं अर्धवट आठवणारं गाणं टोचत राहतं. अर्धवट कामं जास्त लक्षात राहतात हे ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली मांडलं होतं, आणि गाण्याला ते लावणं फार मोहक आहे. पण मुद्दाम अर्ध्यावर तोडलेली गाणी पुरी ऐकवलेल्या गाण्यांपेक्षा जास्त छळतात, असं प्रयोगांतून ठामपणे निघालेलं नाही. तर्क खोटा ठरला असंही नाही. मात्र वर्तमानपत्री लेखांत तो सिद्ध झाल्यासारखा लिहिला जातो, त्याला आधार नाही.

अमेरिकेतच वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठात आयरा हायमन यांनी या बाबतीत जास्त कामाची गोष्ट दाखवली. ऐकणं संपल्यावर लगेच ज्या माणसाच्या डोक्यात गाणं चालूच राहतं, त्याला ते पुढच्या चोवीस तासांत परत येण्याची शक्यता जास्त. लोकांना सुडोकूसारखी कोडी देऊन त्यांनी हेही पाहिलं की कोडं फार सोपं असेल तर गाणं आत घुसतं, आणि फार अवघड असेल तरीही घुसतं. सोप्या कोड्यात डोकं रिकामं राहतं. अवघड कोड्यात माणूस हताश होऊन डोकं काढून घेतो, म्हणजे पुन्हा रिकामंच. ज्या कामात मन नेमकं पुरतं गुंततं, तिथे गाण्याला जागा उरत नाही.

शरीराचाही यात वाटा आहे. मॅककलो कॅम्पबेल आणि एलिझाबेथ मार्ग्युलिस यांच्या २०१५ सालच्या अभ्यासात, ऐकताना जी माणसं हलत-डुलत होती त्यांना नंतर ती चाल जास्त आली. हरिपाठात माणूस नुसता उभा राहून ऐकत नाही. हातात टाळ, पायात पावली, तोंडानं ध्रुपद, आणि शेजारच्याचा खांदा आपल्या खांद्याच्या तालात. कान, घसा, हात आणि पाय चारही ठिकाणी तीच चाल नोंदली जाते. मंडपात मागे खुर्चीवर बसलेल्या पाहुण्याला ती लवकर सोडते आणि पावली खेळणाऱ्या पोराला सोडत नाही, यात मला आश्चर्य वाटत नाही.

हे सगळे धागे एका दिवसात कसे जुळतात, ते एका उदाहरणानं पाहू. समजा, गेवराई तालुक्यातल्या एका गावात काल काला झाला आणि आज एक बाई कापूस वेचायला शेतात गेली आहे. वेचणी म्हणजे बोंड उघडलंय का पाहायचं, चिमटीनं कापूस ओढायचा, ओटीत टाकायचा, पुढच्या झाडाकडे सरकायचं. वर्षानुवर्षं केलेलं काम, त्यात विचार लागत नाही. पहिल्या तासात शेजारच्या सरीतल्या जावेशी बोलणं चालू असतं. तोंड बोलण्यात अडकलंय, त्यामुळे चाल येत नाही. बोलणं संपतं, दोघी आपापल्या सरीनं पुढे-मागे होतात, आणि दहाच्या सुमाराला ध्रुपद सुरू होतं. हाताची लय ठरलेली असते, आणि चाल त्या लयीला धरून थोडी संथ झालेली असते. काल जे वेगात म्हटलं तेच आज वेचणीच्या वेगानं येतं.

दुपारी शेतमालक काटा लावतो. आता किलो मोजायचे, मजुरीचा दर मनात गुणायचा, कालचा हिशोब त्यात मिळवायचा, आणि मालकानं दोन किलो कमी धरले का यावर नजर ठेवायची. एवढा वेळ चाल पूर्ण गायब होते. पैशाचा हिशोब म्हणजे मन पुरतं गुंतवणारं काम. भाकरी खाताना ती येत नाही, कारण तोंड चालू असतं आणि गप्पाही. भाकरीनंतर झाडाखाली पडल्यावर लगेच परत येते, आणि यावेळी मूळ वेगात, कारण हात थांबलेले असतात. चारला कुणाच्या तरी मोबाइलची रिंगटोन वाजते, तिच्यात कुठलंसं लग्नातलं गाणं आहे. घटकाभर ते डोक्यात येतं, पण टिकत नाही. एकदाच ऐकलेलं, तेही दहा सेकंद. संध्याकाळी देवळावरून घंटेचा आवाज येतो आणि हरिपाठाची वेळ झाली हे अंगाला कळतं. आज हरिपाठ नाही, पण चाल उठते. ही आठवणीच्या धाग्यावरची चाल आहे. सकाळची चाल रिकामपणातून आली होती. दोन्ही आतून सारख्याच वाटतात, पण त्यांची दारं वेगळी आहेत.

रात्री अंथरुणावर ती पुन्हा येते, आणि तेव्हा मात्र त्रास होतो. झोपेच्या तोंडावर ऐकलेल्या संगीताचा अभ्यास अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या मायकेल स्कलिन यांनी २०२१ साली केला. त्यात डोक्यात वारंवार गाणी बसणाऱ्यांची झोप जास्त खराब निघाली. त्यांना असंही आढळलं की झोपण्यापूर्वी ऐकवलेली गाण्यांची नुसती वाद्यावरची धून शब्दांसह गाण्यापेक्षा जास्त चिकटते. अकराला संपणारं कीर्तन ऐकून साडेअकराला आडवं होणाऱ्यानं, किंवा रात्रभर मोठ्या आवाजात गाणी लावून ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरचालकानं, हे ध्यानात ठेवावं. बीडमधून दिवाळीच्या आगेमागे लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे जातात, आणि खोपीतल्या झोपेचा वेळ आधीच तुटपुंजा असतो.

या उगाच वाटणाऱ्या पुनरावृत्तीचा काही उपयोग आहे का? कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या बेंजामिन क्युबिट आणि पेट्र जनाटा यांच्या २०२२ सालच्या प्रयोगांवरून, आहे असं दिसतं. त्यांनी लोकांना आधी अनोळखी धून ऐकवून ऐकवून पाठ करवली, मग तीच धून लावून सिनेमाचे तुकडे दाखवले. काही दिवसांनी पाहिलं, तर ज्यांच्या डोक्यात ती धून मधल्या काळात जास्त वेळा आपोआप वाजली होती त्यांना तुकड्यातले तपशील जास्त नीट आठवत होते. म्हणजे चाल फिरते तेव्हा तिला जोडलेल्या गोष्टीही तिच्यासोबत उजळल्या जातात.

हे वाचताना मला माजलगाव आठवतं. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावांमधून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कामात १९९६ साली माजलगावच्या भीमनगरात बायकांनी डॉ. आंबेडकरांवरच्या ओव्या गायल्या आणि त्या मुद्रित झाल्या. ओवीत चाल जवळपास तीच राहते, शब्द बदलत जातात. दळण म्हणजे हात फिरता, डोकं मोकळं, पहाटेची वेळ आणि एकटेपण. चाल बसायला लागणाऱ्या सगळ्या अटी एका जागी. ज्या बायकांच्या हाती वही नव्हती त्यांनी शेकडो ओव्या डोक्यात ठेवल्या, यात या आपोआप फिरण्याचा हात असणार, असा माझा अंदाज आहे. प्रयोगशाळेतून तो थेट सिद्ध झालेला नाही, पण क्युबिट आणि जनाटांचे निकाल त्याच दिशेला जातात.

आता काढायचं कसं. लहानपणी ऐकलेली गोष्ट आहे: वैद्य औषध देतो आणि बजावतो की घेताना माकडाची आठवण काढायची नाही. मग प्रत्येक घोटाला माकड. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली पांढऱ्या अस्वलाचा प्रयोग करून हेच मोजून दाखवलं. पाच मिनिटं अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलेल्यांना ते येतच राहिलं, आणि नंतर मुभा मिळाल्यावर सुरुवातीपासून मुभा असलेल्यांपेक्षाही जास्त आलं. तेव्हा "हे गाणं नको, नको" म्हणत बसणं हा सगळ्यात वाईट उपाय.

तोंड अडकवणं हा जास्त बरा उपाय. आतलं गाणं ऐकताना आपण जीभ-ओठांची यंत्रणाही न हलवता वापरत असतो. ती दुसऱ्या कामाला लावली की गाणं कमकुवत होतं. रेडिंग विद्यापीठात फिलिप बीमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली लोकांना चिकट गाणी ऐकवून काहींना च्युइंगम चघळायला दिलं. चघळणाऱ्यांना गाणं कमी वेळा आलं, आणि नुसतं बोटानं ठोकण्यानं तेवढा फरक पडला नाही. म्हणजे कोणतीही हालचाल चालत नाही, तोंडाची लागते. आपल्याकडे त्यासाठी मूठभर फुटाणे किंवा बडीशेप पुरेल. तंबाखूचं समर्थन कृपया यात शोधू नये. मनातल्या मनात बोलण्यासारखी कामंही चालतात: पाढे, मोबाइल नंबर उलटे म्हणणं, किंवा शेजाऱ्याशी सरळ गप्पा.

विल्यमसन यांनी २०१४ साली ब्रिटन आणि फिनलंडमधल्या लोकांच्या युक्त्या जमवल्या, तेव्हा दोन वाटा दिसल्या. काही लोक लक्ष दुसरीकडे वळवतात. काही लोक उलट गाण्याला भिडतात: पूर्ण गाणं लावून शेवटपर्यंत ऐकतात. साखळीला बाहेरची वाट दाखवायची असेल तर ही दुसरी रीत समजण्यासारखी आहे, फक्त त्यात आणखी एकदा ऐकण्याचा धोका असतो. हरिपाठाचं ध्रुपद अडकलं असेल तर पुढचा अख्खा अभंग म्हणून पाहावा, आठवत नसेल तर पुस्तक उघडावं. ब्रिटनमध्ये कितीतरी जण एक चाल काढायला दुसरी ठरलेली चाल म्हणतात. राष्ट्रगीत त्यांतलं एक आवडतं. बहुतेकांना हे सगळं करायची गरजच वाटत नाही. डोक्यातली गाणी आवडतीच असतात आणि त्रास फारसा होत नाही, असं पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे.

एक प्रकार मात्र यापासून अगदी वेगळा आहे, आणि खेड्यात तो हमखास चुकीचा ओळखला जातो. ऐकू कमी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना कधी कधी गाणं आत वाजल्यासारखं न वाटता बाहेरून ऐकू येतं. आजी म्हणते, देवळात भजन चाललंय, आणि देवळाला कुलूप असतं. ऑलिव्हर सॅक्स यांनी २००७च्या 'म्युझिकोफिलिया' या पुस्तकात अशा बऱ्याच रुग्णांबद्दल लिहिलं आहे. कानाकडून येणारा आवाज कमी झाला की ऐकणारा मेंदू रिकामा बसत नाही, जुन्या साठ्यातलं वाजवू लागतो. फरक ओळखायला एक प्रश्न पुरे: "हे तुमच्या डोक्यात वाजतंय का बाहेर?" डोक्यात गाणं बसलेला माणूस लगेच "डोक्यात" म्हणतो. दुसरा माणूस खिडकी उघडून पाहतो, शेजाऱ्याला रेडिओ बंद करायला सांगतो. त्याला बाहेरची बाधा ठरवून अंगारे-धुपारे करण्याआधी कान तपासून घ्यावेत. कानात मळ साचलेला असेल किंवा श्रवणयंत्राची गरज असेल, आणि नीट ऐकू येऊ लागल्यावर काही जणांची ही गाणी कमी होतात. आवाज गाण्याऐवजी माणसांचे असतील आणि ते हुकूम करत असतील, किंवा आतल्याच गाण्यानं दिवसचे दिवस काम आणि झोप अशक्य करून धास्ती लावली असेल, तर कानाच्या डॉक्टरांऐवजी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय त्यासाठी जिल्ह्यातच आहे.